सतरा सेकंदांची शांतता

उत्तरेकडच्या आमच्या केमियार्वी गावात आल्पो कोस्तामोला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि आल्पो आपल्याशी काही बोलला होता असं छातीठोकपणे सांगणाराही फारसा सापडणार नाही. बोलणं हे त्याचं काम नव्हतंच. दुसऱ्यांचं बोलणं नीट टिपावं, जपून ठेवावं, नको तेवढं कापावं, यात त्याची उमर गेली. बावीस वर्षं तो गावच्या रेडिओवर आवाजाचं काम करत होता. बर्फवृष्टीचे इशारे, रेनडिअरवाल्यांच्या सभा, चर्चमधलं गाणं, म्हाताऱ्यांच्या मुलाखती, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. मग वरच्यांना कळलं की आमच्या गावाला स्वतःचा आवाज असण्याची काही गरज नाही. रेडिओची शाखा बंद झाली, यंत्रं दक्षिणेला गेली आणि आल्पो एका खोक्यात आपले हेडफोन घेऊन मोठ्यांच्या शाळेत आला.

मोठ्यांची शाळा म्हणजे ज्यांचं शिक्षण लहानपणी अर्धवट राहिलं त्यांची. चाळिशी-पन्नाशीतली माणसं इथे बारावी करतात, आणि पास झाल्यावर पोरांसारखी पांढरी टोपी घालून रडतात. निम्मे वर्गात बसतात, निम्मे शंभर-दीडशे किलोमीटरवरून पडद्यावर येतात, आणि ज्यांची कामाची पाळी असते ते नंतर रेकॉर्डिंग बघतात. हे रेकॉर्डिंग सांभाळणं आल्पोकडे. तळमजल्यावर वाफेच्या पाइपांशेजारी त्याची खोली. तिथे तो लोकरी मोजे घालून बसायचा, खिशात काळं ज्येष्ठमधाचं चॉकलेट, आणि दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी: ‘टकटक केलीत तरी चालेल, ओरडू नका.’

त्याचा एक सिद्धांत होता, आणि तो त्याने आयुष्यात बहुधा तीन-चार वेळाच बोलून दाखवला असेल. शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते, असं तो म्हणे. रेडिओवर एकदम मुकं झालं की लोकांना वाटतं मनोरा पडला, फोन सुरू होतात. म्हणून कुठेही मुलाखतीला गेला की आल्पो निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची अर्धा मिनिट नुसती शांतता टिपून घ्यायचा. पुढे कुठे खोकला काढायचा असला की तिथे त्याच खोलीची शांतता भरायची. दुसऱ्या खोलीची भरली तर कान लगेच पकडतो. लोक हसायचे. आल्पो शांतता गोळा करतो, पुढे विकणार आहे, म्हणायचे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारची गोष्ट. गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप आणि नंतर जॅम लावलेले पॅनकेक असतात, आणि ते खाऊन झाल्यावरच आल्पो टपालाच्या खणात डोकावतो. त्या दिवशी खणात एक पाकीट होतं. पाकिटावर हाताने ‘आल्पो’ एवढंच. त्याने घड्याळ बघितलं तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

अक्षर हिल्काचं होतं. हिल्का म्हणजे भाषेची शिक्षिका, तीस वर्षांची नोकरी, आवाज जरासा घोगरा, आणि वह्या तपासताना लाल शाई कधी वापरायची नाही असा हट्ट. आल्पोला नवल वाटलं ते कागदाचं. रेकॉर्डिंगमध्ये काही बदल हवा असला की शाळेच्या संगणकावर तक्रारीचा अर्ज भरायचा असतो. तो अर्ज आल्पोला येतो, कार्यालयातल्या दोघींना येतो आणि ओउलू शहरातल्या त्या कंपनीलाही जातो जिच्याकडे आमच्या संगणकांची देखभाल आहे. हिल्काला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तिने अर्ज भरला नव्हता, मेल लिहिली नव्हती. पेन घेऊन बसली होती.

‘आल्पो,’ तिने लिहिलं होतं, ‘आजच्या सकाळच्या तासाचं रेकॉर्डिंग चार वाजता आपोआप सगळ्यांना खुलं होईल. त्याआधी ४१ मिनिटं १२ सेकंदांपासून ४५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंतचा आवाज काढशील का? एका विद्यार्थिनीने तिथे स्वतःबद्दल काही सांगितलं आहे. ते समोर बसलेल्या नऊ जणांसाठी होतं. रेकॉर्डिंग मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण ती बोलत असताना मी उठून बटणाकडे गेले असते तर ती गप्प झाली असती, आणि पुन्हा कधी बोलली नसती. म्हणून बसून राहिले. चूक माझी आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. तुकडा कापू नकोस, आवाज फक्त बंद कर, कारण गृहपाठाच्या कागदावर ५८व्या मिनिटाचा उल्लेख आहे आणि कापलं तर सगळ्या वेळा सरकतील. वेळा मी स्वतः दोनदा ऐकून काढल्या आहेत, म्हणजे तुला ऐकावं लागू नये. शक्य झालं तर ऐकू नकोस. हिल्का.’

चिठ्ठीत नाव नव्हतं. विषयही नव्हता. ‘दुःखद’ किंवा ‘नाजूक’ असा एक शब्दसुद्धा नव्हता, ज्यावरून वाचणाऱ्याने काही ताडावं. आल्पोने ती दोनदा वाचली आणि मनातल्या मनात हिल्काला सलाम केला. गोष्ट झाकायची म्हणून लिहिलेल्या चिठ्ठीतच अर्धी गोष्ट उघडी पाडणारी माणसं त्याने रेडिओवर ढिगाने बघितली होती.

त्याने चिठ्ठी मोज्यात खोचली आणि कामाला बसला. आधी स्पीकरची तार उपटली. मग हेडफोन उचलून खोलीच्या पलीकडच्या टेबलावर ठेवून आला, कारण ते हाताशी असले की हात आपोआप जातो.

रेकॉर्डिंग उघडलं. पण काही गोष्टी कानाने टाळल्या तरी डोळ्यांपुढे येतातच. एकेचाळिसाव्या मिनिटाला यंत्राने बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मोठा करून दाखवला होता, खाली नावासकट. तिला आपण साइमी म्हणू. खरं नाव मी सांगणार नाही, तिच्या घरच्यांचंही नाही. सांगितलं तर हिल्काच्या त्या चिठ्ठीला काय अर्थ राहिला?

साइमीचं नाव बघून आल्पोचे हात थांबले.

साइमीचा नवरा कौको आल्पोचा मित्र होता. मित्र म्हणजे कसा, तर वीस हिवाळे दोघांनी बर्फातल्या एकाच भोकातून मासे धरले आणि साउनाच्या गरम खोलीत एकाच बाकावर बसून वाफ घेतली. नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तळ्यावर जाळं कुठे लावायचं यावरून दोघांची बोटीत जुंपली. नेहमीचंच भांडण, पण आल्पो, जो कधी बोलत नाही, तो त्या दिवशी बोलला. म्हणाला, “मग जा ना तुला जायचं तिथे.” पुढच्या सोमवारी कौको गेला. नॉर्वेत आहे असं कुणी म्हणे. ना निरोप, ना पत्र, ना नाताळचं कार्ड. गाव म्हणालं, बायकोने घालवला. हे सर्वात मोठ्याने कौकोची बहीण ओर्वोक्की म्हणायची. आल्पोला मात्र आतून ठाऊक होतं की घालवणारा तो. नऊ वर्षं त्याने त्या जागी जाळं टाकलं नव्हतं, आणि का टाकत नाहीस असं विचारायला दुसरा मित्रही नव्हता.

आता त्याच साइमीची चार मिनिटं अठरा सेकंदं त्याच्या पडद्यावर उभी होती. एक बटण दाबायचं. दार बंद होतं. कुणाला कळलंही नसतं.

आणि तिकडे ओर्वोक्की. ती याच वर्गात होती! दुकानातली पाळी असली की सकाळी येत नसे, त्या दिवशीही आली नव्हती, पण रेकॉर्डिंग मात्र त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, पहिल्या मिनिटापासून बघायची. फुकट ते पौष्टिक, आणि भावजय वर्गात असेल तर अधिकच. चारनंतर ती बघणार, सहापर्यंत तिच्या दुकानातल्या बायकांना कळणार, आणि शनिवारी सकाळी साइमी शाळेत येणं बंद करणार. एवढं आल्पोला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तो उठला. पलीकडच्या टेबलापर्यंत गेला. हेडफोन उचलले, त्यांची तार बोटांभोवती गुंडाळली, आणि ते टेबलाच्या खणात घालून खणाला कुलूप लावलं. किल्ली मोज्यात टाकली, चिठ्ठीच्या शेजारी. चालताना ती टोचत राहिली, आणि ते बरंच झालं.

मग तो आवाजाकडे डोळ्यांनी बघू लागला. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते. बोललं की फुगते, गप्प झालं की सपाट. हिल्काची रेघ त्याला ओळखू यायची, रुंद आणि ठाम. एकेचाळीस-बाराला ती संपत होती आणि तिथून एक बारीक, थरथरती रेघ सुरू होत होती. सुरुवात हिल्काने बरोबर पकडली होती. शेवट मात्र नाही. पंचेचाळीस-तीसनंतर रेघ सपाट व्हायच्या ऐवजी आणखी एक लहानसा उंचवटा होता. शब्द असेल, हुंदका असेल किंवा खुर्ची सरकली असेल. आल्पोने विचार केला नाही. पुढचा सपाट भाग जिथे होता तिथपर्यंत, पंचेचाळीस-सदतीसपर्यंत, त्याने खूण ओढली. सगळं मिळून चार मिनिटं पंचवीस सेकंदं.

आवाज पुसला. पण ठार मुकी चार मिनिटं ठेवली तर बघणाऱ्याला पहिल्या सेकंदाला कळणार की इथे कात्री लागली. खोलीची शांतता हवी होती, त्याच खोलीची, त्याच सकाळची. आणि ती कुठे मिळेल हे आल्पोला रेकॉर्डिंग न ऐकताही ठाऊक होतं. हिल्का तासाच्या शेवटी नेहमी विचारते, “काही विचारायचं आहे का?” आणि आमच्याकडचा कुठलाही वर्ग असो, या प्रश्नानंतर कुणीही, काहीही, कधीही विचारत नाही. हिल्का मात्र चिवट. वाट बघते. आल्पोने एक तास सत्ताविसाव्या मिनिटाला रेघ शोधली तर काय, सपाट सतरा सेकंदं! कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. दहा वर्षं ज्या प्रश्नावर हिल्का चिडत आली होती, त्याचं उत्तर आज कामाला आलं.

ती सतरा सेकंदं त्याने घेतली. एकाच्या शेपटीवर दुसऱ्याचं डोकं दोन सेकंदं चढवून जोडत गेला, म्हणजे सांधा कानाला लागत नाही. अठरा तुकडे लागले. चित्राचंही बघायला हवं होतं, कारण ओठ वाचणारे आणि डोळ्यांतलं पाणी वाचणारे गावात कमी नाहीत. त्या मिनिटांवर त्याने तासात पडद्यावर दाखवलेली पाटीच पसरवली. पाटीवर त्या दिवशीचं काम लिहिलं होतं: ‘घरातला एखादा आवाज दहा वाक्यांत वर्णन करा.’

दोन वाजत आले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. इथपर्यंत चिठ्ठीत सांगितलेलं सगळं झालं होतं. दुसरा कुणी असता तर कॉफी प्यायला गेला असता. पण आल्पोला रेडिओची खोड. एखादी गोष्ट एकदा बोलली गेली की ती त्या जागी थांबत नाही, पुढे कुठेतरी पुन्हा डोकं वर काढते. तो वर गेला आणि हिल्काच्या वर्गाचं दार हळूच वाजवलं. ती बाहेर आली, हातात खडू.

“ते नंतर कुणी पुन्हा बोललं का?” त्याने विचारलं.

“कोणतं?”

“मला काय माहीत कोणतं? मी ऐकलंय थोडंच.”

मग तिचा चेहरा उतरला. “बोललं,” ती म्हणाली. “शेवटी एकाने तिचे आभार मानले. आणि आभार मानताना... अरे देवा, तो सगळं म्हणाला, आल्पो. एका वाक्यात.”

“कितव्या मिनिटाला?”

“आठवत नाही.”

“मग तू ऐक. मी जिन्यात थांबतो.”

वर्गाला लिहायला बसवून हिल्का कानाला फोन लावून खिडकीपाशी उभी राहिली. आल्पो जिन्यात पायरीवर बसला आणि ज्येष्ठमध चघळत राहिला. थोड्या वेळाने तिने एक कागदाचा कपटा आणून दिला: १ तास २१ मिनिटं ०४ सेकंदं ते १ तास २१ मिनिटं १३ सेकंदं. नऊ सेकंदं. चार मिनिटं झाकून ही नऊ उघडी राहिली असती तर सगळंच पाण्यात गेलं असतं.

“तिथे काही टीप लिहायची?” आल्पोने विचारलं. “आवाज काढलाय म्हणून?”

“‘खाजगी भाग काढला’ असं लिहिलंस तर ओर्वोक्की झोपणार नाही,” हिल्का म्हणाली. मग पुढे: “आणि खोटंही लिहायचं नाही. असं लिही, ४१ ते ४६ ही मिनिटं गृहपाठासाठी लागत नाहीत. खरं आहे ते. आणि गृहपाठाला जे लागत नाही ते आपल्याकडे कोण बघतो?”

खाली येऊन त्याने ती नऊ सेकंदंही भरली आणि नवं रेकॉर्डिंग तयार करायला लावलं. दीड तासाचं चित्र यंत्राला पुन्हा विणायचं म्हणजे पाऊण तास तरी. तेवढ्यात उरलेली भोकं बुजवायची.

पहिलं भोक म्हणजे खालची अक्षरं. रेकॉर्डिंग झालं की यंत्र स्वतःच सगळं बोलणं लिहून काढतं, ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. आवाज काढला तरी अक्षरं तशीच राहतात, आणि शोधायच्या चौकटीत कुणी ‘कौको’ लिहिलं तर यंत्र इमानदारीने नेमकं त्या मिनिटाला नेऊन सोडतं. अक्षरं पुसायची तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की पडद्याच्या उजव्या बाजूला सगळा मजकूर धबाधबा पडतो. आल्पोने कपबशा पुसायचं फडकं आणलं, पडद्याच्या उजव्या अर्ध्यावर टाकलं, आणि डाव्या अर्ध्यातून अंदाजाने जाऊन सगळ्या तासाची अक्षरं एकदम उडवली. फक्त तेवढाच भाग पुसायचा तर तो वाचावा लागला असता. नवं रेकॉर्डिंग चढलं की यंत्र नव्याने लिहील, आणि शांततेची अक्षरं त्याला लिहिता येत नाहीत.

दुसरं भोक म्हणजे जुनी प्रत. नवी चढवली तरी जुनी कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस पडून राहते. नवी चढली की डबाही रिकामा करायचा, असं त्याने हाताच्या पंजावर पेनाने लिहून ठेवलं.

तिसरं भोक त्याला शेवटी आठवलं. यार्को. यार्को लाकडं वाहणारा ट्रक चालवतो आणि दिवसभर रस्त्यावर असतो, म्हणून आल्पोनेच मागच्या वर्षी त्याच्यासाठी सोय केली होती: प्रत्येक तासाचा नुसता आवाज दुपारी बारा वाजता आपोआप त्याच्या फोनवर जायचा. मोठ्या कौतुकाने केलेली सोय! आता अडीच वाजले होते.

फोन बराच वेळ वाजला. मग इंजिनाचा आवाज आला आणि त्यामागून यार्को.

“आजचा तास ऐकलास?” आल्पो म्हणाला.

“ऐकतोय.”

“कुठवर आलास?”

पलीकडे इंजिन चालू होतं.

“एकेचाळीस मिनिटं,” यार्को शेवटी म्हणाला.

“बरोबर एकेचाळीस?”

“लाकडं भरायला उतरलो होतो.”

“तो पुसून टाक. संध्याकाळी दुसरा येईल.”

“पुसतो.” पुन्हा इंजिन. “आल्पो, मी पुढचं काही ऐकलेलं नाही. कुणीही विचारलं तरी नाहीच ऐकलेलं.”

यार्कोने ऐकलं होतं की नाही, हे आल्पोला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. पण आजवर त्याच्याकडून एक अक्षर फुटलेलं नाही, आणि माझ्या हिशेबी दोन्हींची किंमत सारखीच.

नवं रेकॉर्डिंग चढलं तेव्हा चार वाजायला आठ मिनिटं होती. आल्पोने जुनी प्रत पुसली, डबा रिकामा केला, आणि कामाच्या वहीत लिहिलं: ‘शिक्षिकेच्या लेखी विनंतीवरून दोन जागी आवाज काढला.’ त्याहून एक शब्द जास्त नाही. ती लेखी विनंती संध्याकाळी साउनाच्या चुलीत गेली. बर्च लाकडाबरोबर कागद पटकन पेटतो.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात राय धान्याची भाकरी घ्यायला गेला, तर गल्ल्यावर ओर्वोक्की. त्याला बघताच तिने तोंड सोडलं. हिल्काचं काही खरं नाही म्हणाली. वर्गाला लिहायला बसवते आणि तेसुद्धा रेकॉर्ड करते! चांगली चार-साडेचार मिनिटं नुसती पाटी आणि लोक गप्प. वर आम्ही कर भरायचा. आल्पोने मान हलवली. कराचं तो कधी नाकारत नाही.

साइमी शनिवारी शाळेत आली. त्याच्या पुढच्या शनिवारी आली. हिवाळाभर येत राहिली, उणे तीसमध्ये गाडी सुरू झाली नाही तेव्हा बर्फावरून घसरणाऱ्या ढकलगाडीवर पाय मारत आली. आल्पोशी ती कधी बोलली नाही आणि आल्पोही नाही. कुणाची तरी मोठी ठेव आपल्याकडे आली होती आणि आपण ती न उघडता परत केली, याचं सुख त्याला होतं. पण सुखाच्या पोटात नऊ वर्षांचं ते वाक्य तसंच टोचत होतं, मोज्यातल्या किल्लीसारखं. ऐकलं असतं तर कळलं असतं, असं त्याला कितीदा वाटलं असेल हे त्याचं त्यालाच ठाऊक.

जूनच्या पहिल्या शनिवारी टोप्या मिळाल्या. वर केक कापले जात होते तेव्हा आल्पोच्या दारावर टकटक झाली. साइमी होती, डोक्यावर पांढरी टोपी, जरा तिरकी. एका बशीत केकचा तुकडा.

“तू ते ऐकलंस ना?” तिने दारातूनच विचारलं.

“नाही.”

“हिल्काही तेच म्हणते. मला खरं वाटत नाही. कौको तुझा मित्र होता. तुला ऐकावंसं वाटलं नाही?”

“वाटलं,” आल्पो म्हणाला. “चिठ्ठीत ऐकू नकोस असं लिहिलं होतं.”

साइमीने हातातली बशी सावरली. मग आत आली, दार लावून घेतलं, आणि पाइपांशेजारच्या स्टुलावर बसली. बशी मांडीवर.

“मग आता ऐक,” ती म्हणाली.

आल्पोने हात लांबवून टेबलावरच्या मायक्रोफोनची तार उपटली. तो बंदच होता, तरीही उपटली.

ती काय म्हणाली ते या कथेत येणार नाही. आलं तर आल्पोने कुलूप लावलेला खण मी उघडल्यासारखं होईल. एवढंच सांगतो, कारण एवढं आल्पोचं स्वतःचं आहे: पाऊण तासाच्या त्या बोलण्यात बोटीवरच्या भांडणाचा उल्लेखसुद्धा नव्हता. जाळ्याचा नाही, आल्पोचा नाही. कौकोचं जाणं आधीच ठरलेलं होतं, दुसऱ्याच कारणाने, आणि ते वाक्य त्याच्या लक्षातही राहिलं नसावं. नऊ वर्षं आल्पो ज्या ओझ्याखाली वाकून चालला ते त्याच्यावर कुणी ठेवलंच नव्हतं. साइमी गेल्यावर तो केक तसाच समोर घेऊन बसला आणि रडला. साठी उलटलेला माणूस, लोकरी मोजे घालून. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याकाठच्या लोकांनी बघितलं, आल्पोची बोट जुन्या जागी होती आणि जाळं पाण्यात.

सोमवारी तो दुकानात मीठ घ्यायला गेला, माशांसाठी. ओर्वोक्की गल्ल्यावर होतीच. आमच्या गावात बंद दाराला सुद्धा डोळे असतात.

“शनिवारी साइमी तुझ्या खोलीत तासभर होती म्हणे,” ती म्हणाली. “माझ्या भावाबद्दल बोलली असेल. काय म्हणाली?”

मागे रांग होती. रांगेतल्यांनीही कान टवकारले. आल्पोने मीठ गल्ल्यावर ठेवलं आणि ओर्वोक्कीकडे सरळ, काही राग न धरता बघितलं. तो खोटं बोलणार नव्हता, आणि खरं त्याच्या मालकीचं नव्हतं. दुकानातला फ्रीज गुरगुरत होता. कुठेतरी एक पिशवी चुरचुरली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

आल्पो मनात मोजत होता. सतरापर्यंत आला तेव्हा ओर्वोक्कीने नजर खाली घेतली आणि मिठाचं पाकीट यंत्रावरून फिरवलं.

“काही विचारायचं आहे का अजून?” आल्पोने हळूच विचारलं.

नव्हतं.